मफऊल मुत्लक

मफऊल मुत्लक (शब्दशः अर्थ: निरपेक्ष कर्म) ही अरबी व्याकरणातील एक रचना आहे. वाक्यात जे क्रियापद आलेले असते, त्याच क्रियापदाचे क्रियावाचक नाम त्यानंतर 'नस्ब' विभक्तीत, म्हणजे स्थूलमानाने मराठीतील द्वितीयेच्या रूपात, ठेवले की ही रचना तयार होते. 'मी धडा पाठ केला' हे अरबीत 'हफिज्तु अद्-दर्स' असे म्हणता येते. त्यापुढे त्याच धातूचे नाम जोडून 'हफिज्तु अद्-दर्स हिफ्जन' असे म्हटले, तर शब्दशः अर्थ 'मी धडा पाठ केला, पाठ करणे' असा होतो. या शेवटच्या शब्दाने वाक्यात नवी माहिती येत नाही, परंतु विधानाला दृढता येते.

ही दृढता इंग्रजीत कशी आणावी, हा भाषांतराच्या क्षेत्रातील एक जुना प्रश्न आहे. 'मोठ्या प्रमाणात', 'जोरात', 'पूर्णपणे' अशा अर्थाचे एखादे क्रियाविशेषण घालणे हा सर्वांत प्रचलित मार्ग आहे. मात्र अरबी रचना सामान्यतः क्रियेच्या *खरेपणावर* भर देते आणि अशी क्रियाविशेषणे क्रियेची *तीव्रता* सांगतात. त्यामुळे मुळात नसलेला अर्थ भाषांतरात शिरण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या रचनेचा दृढीकरणाचा उपयोग आणि त्याच्या इंग्रजी भाषांतराचा प्रश्न यांचा विचार केला आहे. अरबीतील काही ध्वनींना मराठीत स्वतंत्र अक्षरे नसल्यामुळे येथे जवळच्या उच्चाराची अक्षरे वापरली आहेत.

## संज्ञा

अरबी व्याकरणकारांनी क्रियापदावर अवलंबून असणाऱ्या नामांचे अनेक प्रकार मानले आहेत. ज्याच्यावर क्रिया घडते तो 'मफऊल बिही', ज्या काळी वा स्थळी घडते तो 'मफऊल फीही', ज्या कारणासाठी घडते तो 'मफऊल लहू' आणि ज्याच्या सोबतीने घडते तो 'मफऊल मअहू'. या प्रत्येक नावाला 'वर', 'मध्ये', 'साठी', 'सोबत' अशा अर्थाच्या एखाद्या शब्दयोगी अव्ययाचे बंधन आहे. पाचव्या प्रकाराला असे कोणतेही बंधन नाही, म्हणून तो 'मुत्लक', म्हणजे मोकळा किंवा निरपेक्ष. कर्त्याने खऱ्या अर्थाने जे केले ते हेच, अशी यामागील उपपत्ती आहे. धडा पाठ करणाऱ्याने धडा निर्माण केला नाही. त्याने निर्माण केली ती पाठ करण्याची क्रिया.

क्रियावाचक नामाला अरबीत 'मस्दर' म्हणतात. आठव्या शतकातील व्याकरणकार सीबवैही याच्या 'अल्-किताब' या ग्रंथातही मस्दराच्या अशा उपयोगांचा विचार आढळतो. पुढे तेराव्या शतकात इब्न मालिक (मृत्यू १२७४) याने सुमारे एक हजार ओळींच्या 'अल्फिय्या' या पद्यमय व्याकरणात या रचनेचे नियम थोडक्यात बांधले, आणि त्यावरील इब्न अकील (मृत्यू १३६७) याची टीका आजही अभ्यासली जाते.

## तीन उपयोग

परंपरेने मफऊल मुत्लकाचे तीन उपयोग सांगितले जातात. भाषांतराचा प्रश्न समजण्यासाठी त्यांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे.

दृढीकरण. मस्दर एकटाच येतो. त्याला विशेषण नसते, संख्या नसते, षष्ठीचा संबंधही नसतो. 'हफिज्तु अद्-दर्स हिफ्जन' हे याचे उदाहरण. या उपयोगाला 'तौकीद' किंवा 'तअकीद' असे नाव आहे. मराठीतील 'ताकीद' हा शब्द याच अरबी शब्दावरून आला आहे, मात्र मराठीत त्याचा अर्थ 'बजावून सांगणे' असा झाला आहे.

प्रकारदर्शन. मस्दराला विशेषण किंवा षष्ठी जोडून क्रिया कशा प्रकारची होती ते सांगितले जाते. 'हफिज्तु अद्-दर्स हिफ्जन जय्यिदन' म्हणजे शब्दशः 'मी धडा पाठ केला, चांगले पाठ करणे', अर्थात 'मी धडा चांगला पाठ केला'.

संख्यादर्शन. मस्दर क्रियेची आवृत्ती सांगतो. 'तरक्तु अल्-बाब तर्कतैन' म्हणजे 'मी दारावर दोनदा थाप मारली'. येथे 'तर्कतैन' हे 'थाप' या अर्थाच्या नामाचे द्विवचन आहे.

दृढीकरणाच्या मस्दराचे द्विवचन वा अनेकवचन होत नाही. याचे कारण टीकाकारांनी असे दिले आहे की, हा मस्दर म्हणजे क्रियापदाचीच पुनरुक्ती होय, आणि क्रियेच्या मूळ अर्थाचे द्विवचन संभवत नाही. या नियमातून रचनेचे स्वरूप स्पष्ट होते. 'मी पाठ केला, मी पाठ केला' असे दोनदा म्हणण्याऐवजी दुसऱ्या वेळी क्रियापदाच्या जागी त्याचे नाम ठेवले आहे. दोनदा सांगितल्याने सांगणे पक्के होते. पाठांतर अधिक चांगले झाले असे त्यातून निष्पन्न होत नाही.

## दृढीकरण कशाचे?

एखादे विधान ऐकताना श्रोत्याच्या मनात दोन प्रकारचे संशय येऊ शकतात. पहिला संशय असा, की बोलणाऱ्याचा शब्द चुकला असेल किंवा तो अतिशयोक्ती करीत असेल. दुसरा संशय असा, की शब्द लाक्षणिक अर्थाने वापरला असेल. 'त्याने मला मारले' असे कोणी म्हटले, तर त्याने प्रत्यक्ष हात उगारला की केवळ तो कठोर बोलला, अशी शंका घेता येते. दृढीकरणाचा मस्दर या शंकेला उत्तर देतो: क्रियापदाचा जो रूढ अर्थ, तीच क्रिया घडली.

लाक्षणिक अर्थ दूर सारण्याचे हे कार्य दहाव्या शतकातील इजिप्शियन व्याकरणकार अन्-नह्हास याने विशेष आग्रहाने मांडले. क्रियापद मस्दराने दृढ केले असता ते लाक्षणिक राहत नाही, याविषयी व्याकरणकारांचे एकमत आहे, असे त्याचे मत कुर्तुबी (मृत्यू १२७३) याच्या कुराणभाष्यात नोंदलेले आहे. तेथे दिलेले उदाहरण मार्मिक आहे. काठोकाठ भरलेला हौद 'पुरे' म्हणाला, अशी एक जुनी काव्यकल्पना अरबीत आहे. हौद बोलत नसतो; तेथे 'म्हणाला' हे उघड रूपक आहे. त्या ओळीत 'म्हणाला' या क्रियापदापुढे त्याचा मस्दर जोडता येणार नाही, कारण तसे केल्यास हौद खरोखरच बोलला असा अर्थ होईल.

हा नियम सर्वांनी निरपवाद मानला नाही. अंगावरची उंची वस्त्रे आक्रोश करतात, अशा एका जुन्या अरबी काव्यपंक्तीत क्रियापद निश्चितपणे लाक्षणिक आहे, तरीही त्यापुढे मस्दर आलेला आहे. ती ओळ नंतरच्या भाष्यकारांनी अपवाद म्हणून पुढे केली. त्यामुळे मस्दर लाक्षणिकतेची शक्यता पूर्णपणे मिटवतो असे म्हणण्यापेक्षा तो ती फार कमी करतो, असे म्हणणे अधिक सुरक्षित आहे.

या चर्चेत 'किती' हा प्रश्न मुख्य नाही. नियम आणि त्याचा अपवाद यांवरचा सारा वाद 'खरोखर की लाक्षणिक' या एकाच मुद्द्याभोवती फिरतो. तीव्रता सांगायची असल्यास अरबीत वेगळी साधने आहेत: मस्दराला 'शदीदन' (तीव्र) किंवा 'कसीरन' (पुष्कळ) असे विशेषण जोडता येते, अथवा विशेषणापुढे 'जिद्दन' (फार) वापरता येते. ही साधने हाताशी असताना लेखकाने मस्दर एकटाच ठेवला असेल, तर त्या निवडीला अर्थ आहे.

## इंग्रजी भाषांतराचा प्रश्न

### क्रियाविशेषणाची सवय कोठून येते

इंग्रजीत बहुतेक विशेषणांना 'ली' प्रत्यय लावून क्रियाविशेषण करता येते. अरबीत असा सर्वसाधारण प्रत्यय नाही, त्यामुळे क्रियेची रीत सांगण्यासाठी अरबी बहुधा प्रकारदर्शक मस्दराचा आश्रय घेते. 'चांगले पाठ करणे पाठ केला' याचे इंग्रजी रूपांतर 'वेल' या क्रियाविशेषणाने करणे हाच योग्य मार्ग आहे; तेथे मस्दर शब्दशः ठेवला तर इंग्रजी वाक्य अवघडते. अभ्यासकाला वारंवार हीच उदाहरणे भेटतात आणि 'मस्दर दिसला की क्रियाविशेषण' असे समीकरण मनात बसते. मग ज्या मस्दराला विशेषणच नाही, त्याच्यासाठीही तो एखादे क्रियाविशेषण शोधू लागतो. विशेषण मूळ वाक्यात नसल्यामुळे ते भाषांतरकाराला स्वतःच्या कल्पनेतून पुरवावे लागते, आणि चुकीची सुरुवात येथेच होते.

### एका वाक्याचे उदाहरण

उदाहरणादाखल अशी कल्पना करू की, एका भांडणाविषयी जबाब देताना अरबीभाषक साक्षीदार म्हणतो: 'दफअनी अर्-रजुलु दफ्अन'. 'दफअ' म्हणजे ढकलणे. 'दफ्अन' हा त्याचा मस्दर. शब्दशः अर्थ: 'त्या माणसाने मला ढकलले, ढकलणे'. समोरच्या पक्षाचे म्हणणे असे आहे की, गर्दीत केवळ धक्का लागला. या वाक्याची इंग्रजी रूपे पुढीलप्रमाणे होऊ शकतात.

पहिले रूप 'द मॅन पुश्ड मी'. यात चुकीचे काही नाही, परंतु साक्षीदाराने जो भर दिला तो नाहीसा होतो. धक्का लागला की ढकलले, हाच वादाचा मुद्दा असताना ही हानी लहान नाही.

दुसरे रूप 'द मॅन पुश्ड मी हार्ड', किंवा 'हार्ड'ऐवजी 'व्हायोलंटली'. हे वाक्य वाचणारा असे समजेल की साक्षीदाराने बळाच्या प्रमाणाविषयी साक्ष दिली. प्रत्यक्षात त्याने तसे काहीही सांगितलेले नाही. हलकेच पण हेतुपूर्वक ढकलले असले, तरीही त्याचे अरबी वाक्य खरे ठरते. इंग्रजी वाक्य मात्र खोटे ठरते. उलटतपासणीत 'किती जोराने?' असे विचारले असता साक्षीदार 'फार जोराने नव्हे' असे म्हणाला, तर त्याने आपली साक्ष फिरवली असा आभास होईल. हा विरोध त्याच्या बोलण्यात नव्हता, भाषांतराने तो निर्माण केला.

तिसरे रूप 'द मॅन ॲक्च्युअली पुश्ड मी'. हेही क्रियाविशेषणच आहे, परंतु ते खरेपणाचे आहे, तीव्रतेचे नाही. धक्का लागला नाही, ढकलण्यात आले, हा अर्थ त्यातून येतो.

चौथे रूप 'द मॅन डिड पुश मी'. सहायक क्रियापदावर जोर देऊन क्रियेचे घडणे पक्के करण्याची ही इंग्रजीची स्वतःची रीत आहे. क्रियाविशेषण न घालता अरबी रचनेच्या सर्वांत जवळ जाणारा पर्याय बहुधा हाच होय.

पाचवे रूप 'द मॅन गेव्ह मी अ पुश'. मूळातील नाम राखल्यामुळे हे वरवर पाहता अधिक निष्ठावंत वाटते. तथापि इंग्रजीत 'गेव्ह अ पुश' अशी रचना क्रियेला लहान आणि एकवेळची करते. दृढ होण्याऐवजी विधान सौम्य होते. नाम राखले म्हणजे अर्थ राखला असे होत नाही, हे यावरून दिसते.

या उदाहरणात तिसरे किंवा चौथे रूप ग्राह्य ठरते. 'क्रियाविशेषण वापरावे की वापरू नये' असा प्रश्न मांडला तर उत्तर सापडत नाही. कोणत्या जातीचे क्रियाविशेषण, असे विचारले म्हणजे मार्ग मोकळा होतो.

### उलट भाषांतराची कसोटी

घातलेले क्रियाविशेषण मूळ अर्थात बसते की नाही, हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे. तयार झालेले इंग्रजी वाक्य पुन्हा अरबीत न्यावे. 'पुश्ड मी हार्ड' हे परत नेले, तर स्वाभाविकपणे 'दफअनी दफ्अन शदीदन' असे वाक्य तयार होते. म्हणजे दृढीकरणाचा मस्दर प्रकारदर्शक मस्दर होऊन परत येतो. लेखकाला ते वाक्य लिहिता येत होते आणि त्याने ते लिहिले नाही. एकाच मजकुरात 'दफ्अन' आणि 'दफ्अन शदीदन' अशी दोन्ही रूपे आली असतील, तर दोहोंचे भाषांतर 'हार्ड' असे केल्याने लेखकाने राखलेला भेदच पुसला जातो. अशा दोन वाक्यांची भाषांतरे शेजारी ठेवून पाहिली की चूक सहज लक्षात येते.

### इतर पर्यायांच्या मर्यादा

'डिड'ची रचना सर्वत्र चालत नाही. तिला आधी कोणीतरी नकार दिलेला किंवा शंका घेतलेली असावी लागते. साध्या कथनात, जेथे कोणी शंका घेतलेलीच नाही, तेथे 'त्याने धडा पाठ तर केला' अशा धर्तीचा, पुढे 'परंतु' येणार असे सुचवणारा सूर तिला येतो.

समधातुक कर्म, म्हणजे क्रियापदाचेच नाम कर्म म्हणून वापरणे, इंग्रजीतही आहे. 'दीर्घ आयुष्य जगणे', 'शांत मरण मरणे' या अर्थाचे इंग्रजी वाक्प्रयोग रूढ आहेत. मात्र तेथे नामाला सहसा विशेषण लागते. विशेषण काढले की वाक्य अपुरे वाटते. म्हणजे इंग्रजीतील ही रचना अरबीच्या प्रकारदर्शनाशी जुळते, दृढीकरणाशी नव्हे.

क्रियापदच अधिक नेमके निवडणे हा आणखी एक पर्याय आहे. 'धक्का लागणे' या अर्थाकडे झुकणारे क्रियापद टाळून निःसंदिग्धपणे 'ढकलणे' सांगणारे क्रियापद घेतले, तर भर आपोआप येतो आणि वेगळा शब्द जोडावा लागत नाही.

काही ठिकाणी मस्दर इंग्रजीत न आणणेही योग्य असते. अरबी गद्यात वाक्यांच्या शेवटी समान ध्वनी साधण्याची परंपरा आहे, आणि 'अन' या नादाने संपणारा मस्दर त्यासाठी सोयीचा असतो. ज्या मजकुरात अनेक वाक्ये लागोपाठ याच नादाने संपतात, तेथे मस्दराचे काम अंशतः लयीचे असते. अशा प्रत्येक जागी क्रियाविशेषण घातल्यास इंग्रजी मजकूर विनाकारण आरडाओरडा केल्यासारखा वाटू लागतो.

## कुराणाची इंग्रजी भाषांतरे

या रचनेची सर्वाधिक चर्चा कुराणाच्या संदर्भात झाली आहे. चौथ्या अध्यायातील १६४ व्या आयतीत ईश्वर मूसाशी (बायबलमधील मोझेस) बोलला असे सांगताना 'कल्लम' या क्रियापदानंतर 'तक्लीमन' हा मस्दर येतो. हा वाद केवळ व्याकरणाचा नव्हता. ईश्वराचे बोलणे हा त्याचा गुण आहे की त्याने निर्माण केलेली गोष्ट आहे, यावर मुअ्तझिला पंथीय आणि त्यांचे विरोधक यांच्यात तीव्र मतभेद होते. बोलणे खरोखरचे होते, लाक्षणिक नव्हते, हे सिद्ध करण्यासाठी विरोधकांनी या मस्दराचा आधार घेतला. अन्-नह्हासचा वर उल्लेखिलेला नियम याच आयतीच्या विवेचनात येतो.

इंग्रजी भाषांतरकारांनी मात्र वेगळा मार्ग घेतलेला दिसतो. मार्मड्यूक पिक्थॉल (१९३०), मुंबईत जन्मलेले अब्दुल्ला युसुफ अली (१९३४ पासून) आणि आर्थर आर्बेरी (१९५५) या तिघांनीही येथे 'डायरेक्ट' किंवा 'डायरेक्टली', म्हणजे 'थेट' या अर्थाचा शब्द योजला आहे. 'थेट' आणि 'खरोखर' हे अर्थ एक नव्हेत. 'खरोखर' हा शब्द लाक्षणिकता नाकारतो. 'थेट' हा शब्द मध्यस्थ नाकारतो. दूताकरवी पाठवलेला निरोपही खरोखरचा असू शकतो.

असे असूनही या निवडीला आधार नाही असे म्हणता येत नाही. आधीच्या आयतीत इतर संदेष्ट्यांकडे ईश्वरी संदेश पाठवला गेल्याचा उल्लेख वेगळ्या क्रियापदाने येतो आणि मूसाच्या बाबतीत क्रियापद बदलते. या विरोधातून मध्यस्थाविना झालेले बोलणे असा अर्थ अनेक भाष्यकारांनी घेतला आहे. म्हणजे 'थेट' हा अर्थ संदर्भातून येतो, मस्दरातून नव्हे. मस्दर त्याला बळ देतो एवढेच. सहीह इंटरनॅशनल या नावाने प्रसिद्ध असलेल्या भाषांतरात (१९९७) मस्दराच्या जागी नामच ठेवले आहे आणि 'थेट' हा शब्द चौकोनी कंसात टाकला आहे. हे इंग्रजी काहीसे अवघड होते, परंतु कोणता शब्द मुळातला आणि कोणता भाषांतरकाराचा, हे वाचकाला कळते.

सतराव्या अध्यायातील १६ व्या आयतीचे उदाहरण याहून निराळे आहे. तेथे 'उद्ध्वस्त करणे' या अर्थाच्या 'दम्मर' या क्रियापदानंतर 'तद्मीरन' हा मस्दर आहे. युसुफ अली आणि आर्बेरी यांनी 'अटर्ली' (पूर्णतया) हे क्रियाविशेषण वापरले आहे. पिक्थॉल यांनी नामाची पुनरुक्ती राखून त्याला 'संपूर्ण' या अर्थाचे विशेषण जोडले आहे. येथे क्रियाविशेषण फारसे खटकत नाही. त्याचे कारण पुढील विभागात दिले आहे.

## क्रियाविशेषण कोठे योग्य ठरते

ज्या क्रियेच्या अर्थातच शेवट अभिप्रेत असतो, अशा क्रियापदांबाबत 'पूर्णपणे' या अर्थाचे क्रियाविशेषण सामान्यतः सुरक्षित असते. गाव उद्ध्वस्त केले, पेला फोडला, कर्ज फेडले, या क्रिया शेवटास गेल्याशिवाय खऱ्या अर्थाने घडलेल्याच नसतात. 'खरोखर उद्ध्वस्त केले' आणि 'पूर्ण उद्ध्वस्त केले' यांत व्यवहारात अंतर उरत नाही. खरेपणाचा भर आपोआप पूर्णतेचा भर होतो. ढकलणे, बोलणे, हसणे, टीका करणे या क्रियांना असा अंगभूत शेवट नाही. थोडे ढकलले तरी ढकललेच. म्हणून तेथे प्रमाणवाचक क्रियाविशेषण नवी माहिती घुसडते.

'दम्मर' सारख्या क्रियापदांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अरबीत धातूचे मधले व्यंजन दुहेरी करून पुष्कळदा क्रियेची तीव्रता किंवा बहुलता दाखवतात: 'कसर' म्हणजे मोडणे, तर 'कस्सर' म्हणजे तुकडे तुकडे करणे. अशा वेळी 'तुकडे तुकडे' हा अर्थ क्रियापदाच्या घडणीतून येतो. मस्दर नसता तरी तो इंग्रजीत दाखवावाच लागला असता. तीव्रतेचे श्रेय मस्दराला दिले, तर साध्या क्रियापदानंतरच्या मस्दराचे भाषांतर करताना तीच चूक पुन्हा होते.

खरेपणाची क्रियाविशेषणे मात्र अरबीच्या स्वभावाला धरून आहेत. अरबीत 'हुव अखी हक्कन' म्हणजे 'तो खरोखर माझा भाऊ आहे' असे म्हणतात. यातील 'हक्कन' हाही व्याकरणदृष्ट्या मस्दरच असून मफऊल मुत्लकाच्याच प्रकरणात त्याचा विचार केला जातो. तो संपूर्ण विधानाला दृढ करतो. इंग्रजीत त्यासाठी 'ट्रूली' हा शब्द निःशंकपणे वापरता येतो.

खरेपणा आणि तीव्रता यांची सीमा सर्वत्र रेखीव नसते, हेही मान्य करावे लागते. इंग्रजीतील 'व्हेरी' हा शब्द 'खरा' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. आज त्याचा अर्थ 'फार' असा झाला आहे. 'रिअली'चाही प्रवास त्याच दिशेने चालू आहे. अरबीतही आवेशपूर्ण वर्णनात मस्दर तीव्रतेकडे झुकू शकतो, आणि मस्दराच्या अनिश्चित रूपातून थोरवी सुचवता येते, असे अलंकारशास्त्रकार मानतात. अशा ठिकाणी तीव्रतेचे क्रियाविशेषण चुकीचे नव्हे. मात्र त्याचा आधार आसपासच्या मजकुरात दाखवता आला पाहिजे. केवळ मस्दर आहे एवढे कारण पुरेसे नाही. 'रिअली'सारखा दुहेरी शब्द वापरताना त्याची जागाही पाहावी लागते. 'रिअली डिड पुश मी' यात तो खरेपणा सांगतो, तर 'पुश्ड मी रिअली हार्ड' यात तो जोर वाढवतो.

## निकटवर्ती रचना

'शुक्रन' (आभारी आहे), 'सब्रन' (धीर धर) या नित्याच्या अरबी शब्दांतही मस्दरच आहे, परंतु त्यांच्या आधीचे क्रियापद गाळलेले असते. दृढीकरणाच्या मस्दराआधीचे क्रियापद गाळता येत नाही, असे इब्न मालिकचे मत होते; जे दृढ करायचे तेच नाहीसे केले तर दृढीकरण कशाचे, असा त्यामागील विचार आहे. त्याच्या मुलाने यावर आक्षेप घेऊन 'सब्रन'सारखी उदाहरणे पुढे केली. इब्न अकीलने तो आक्षेप अमान्य केला: असे मस्दर क्रियापदाला दृढ करीत नाहीत, ते क्रियापदाच्या जागी उभे राहतात. म्हणून या शब्दांच्या इंग्रजी भाषांतरात भर दाखवणारे क्रियाविशेषण घालण्याचे कारण नाही.

हिब्रू या अरबीशी नाते असलेल्या भाषेत क्रियापदापूर्वी त्याच धातूचे निरपेक्ष रूप ठेवून भर देतात. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातील दुसऱ्या अध्यायाच्या १७ व्या वचनात 'मरणे' या क्रियापदाबाबत ही रचना आहे. तेथे १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात 'शुअरली', म्हणजे 'निश्चितपणे', हे क्रियाविशेषण आहे. त्याच सुमाराच्या डूए भाषांतराने लॅटिनच्या पावलावर पाऊल ठेवून 'मरण मरणे' अशी समधातुक रचना राखली. मरण्याला कमीअधिक प्रमाण नसते, त्यामुळे तीव्रतेच्या क्रियाविशेषणाचा मोह तेथे नव्हता, आणि निवडलेले क्रियाविशेषण निश्चितीचे ठरले.

## मराठीशी तुलना

मराठीत 'मार मार मारले', 'रड रड रडली' अशा रचना आहेत. त्यांत धातूची आवृत्ती असल्यामुळे त्या मफऊल मुत्लकासारख्या भासतात. परंतु त्यांचा अर्थ निःसंशय तीव्रतेचा किंवा सातत्याचा आहे. एकच फटका मारणाऱ्याविषयी 'मार मार मारले' असे कोणी म्हणत नाही. मराठी वाचकाने या साम्यावर विसंबून अरबी वाक्य वाचले, तर इंग्रजी भाषांतरकाराची जी चूक, तीच त्याच्याकडूनही घडते.

अरबी दृढीकरणाला मराठीत अधिक जवळचे आहे ते 'च' हे अव्यय. 'धक्का लागला नाही, त्याने मला ढकललेच' या वाक्यात ढकलण्याचा जोर वाढत नाही. ढकलण्याविषयीची शंका दूर होते. मात्र 'च'ला 'अखेर', 'एकदाचे' अशी छटाही येऊ शकते. 'मी धडा पाठ केलाच' यात निश्चयपूर्तीचा सूर लागतो, जो 'हिफ्जन' या मस्दरात नाही. अशा ठिकाणी 'खरोखर' हा शब्द अधिक निर्दोष ठरतो.